पिवळे टाकले, तेल मात्र राहिले

पिंपळे गुरवात दिवेलागणीनंतर रस्त्याला अंड्यांच्या गाड्या लागतात. चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसे सोडून गेलेल्या असतात, दुसऱ्या पाळीची मंडळी अजून यायची असतात आणि व्यायामशाळेतून सुटलेली तरुण पोरे घामेजलेल्या अंगाने या गाड्यांपाशी उभी असतात. पूर्वी तिथे एकच मागणी ऐकू यायची, "डबल आम्लेट, कांदा जास्त." हल्ली दुसरी ऐकू येते, "चार अंड्यांचे व्हाइट आम्लेट, पिवळे नको." गाडीवाला सराईतपणे अंडे फोडतो, पांढरे वाटीत घेतो आणि पिवळा बलक बाजूच्या डब्यात टाकतो. मग तापलेल्या तव्यावर पळीने तेल सोडतो.

हे पिवळे टाकण्याचे वेड आता घराघरांत शिरले आहे. त्यामागची समजूत अशी, की पांढऱ्यात सगळी प्रथिने आणि पिवळ्यात सगळी चरबी. म्हणून पांढऱ्याचे आम्लेट म्हणजे आरोग्याचे, पूर्ण अंड्याचे म्हणजे जिभेचे. माझे मत थोडे वेगळे आहे. पांढऱ्याच्या आम्लेटाला माझा विरोध नाही. काही जणांना ते मी स्वतःच सुचवतो. परंतु ज्या घरात अंडे मोजले जाते आणि तेल मोजले जात नाही, त्या घरात पिवळे टाकण्याचा हिशेब बहुतेक वेळा तोट्यात जातो. हा तोटा कसा होतो, ते आज आकड्यांनिशी पाहू. आकडे थोडेच आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर आणखी सोपे जाईल.

सुरुवात अंड्याच्या आकारापासून करू, कारण इथेच पहिली गफलत होते. पुस्तकात किंवा व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असते, "एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने." हे चूक नाही, पण ते अमेरिकेतल्या 'मोठ्या' अंड्याचे माप आहे. कवच काढल्यावर त्या अंड्याचे वजन ५० ग्रॅम भरते, म्हणजे कवचासकट ते ५६-५७ ग्रॅमचे असते. आपल्याकडे ॲगमार्कच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचे अंडे मोठे, ४५ ते ५२ ग्रॅमचे मध्यम आणि ३८ ते ४४ ग्रॅमचे लहान धरतात. किराणा दुकानात मात्र अंडी वजनावर मिळत नाहीत, नगावर मिळतात. एकाच ट्रेमधून घेतलेली सहा अंडी मी घरच्या काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा सर्वांत लहान ४७ ग्रॅमचे आणि सर्वांत मोठे ५८ ग्रॅमचे निघाले. भाव दोन्हींचा एकच.

हा फरक कशामुळे पडतो? कोंबडी नुकती अंड्यावर आली असेल तर ती लहान अंडी घालते आणि वय वाढते तशी अंडी मोठी होतात. उन्हाळ्यात उष्म्याने कोंबडी खाणे कमी करते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अंडी हलकी येतात. गावरान अंडे तर बहुधा लहानच असते. मात्र त्यात पिवळ्याचे प्रमाण थोडे जास्त असते, म्हणून गावरानाचे पिवळे टाकणाऱ्याच्या हाती आणखीच कमी उरते.

एक साधा नियम लक्षात ठेवा. कवचाचे वजन एकूण वजनाच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतके असते. उरलेल्या खाण्याजोग्या भागात दर १०० ग्रॅमला साडेबारा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १४३ उष्मांक मिळतात. उष्मांक म्हणजे आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो तेच. या नियमाने ४४ ग्रॅमच्या लहान अंड्यात पाच ग्रॅमच्या आत प्रथिने निघतात, तर ६० ग्रॅमच्या भरदार अंड्यात पावणेसात ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 'दोन अंड्यांचे आम्लेट' या एकाच नावाखाली एका घरात दहा ग्रॅम प्रथिने पोटात जातात आणि दुसऱ्या घरात साडेतेरा. तेव्हा नग मोजू नका, वजन पाहा. आणि वजन करायचे ते कच्च्या अंड्याचे. शिजताना पाण्याची वाफ होऊन आम्लेट हलके होते, पण त्यातली प्रथिने कुठे जात नाहीत. शिजलेले आम्लेट काट्यावर ठेवून हिशेब मांडला, तर उत्तर भलतेच येते.

आता या लेखापुरते एक अंडे ठरवून घेऊ. आपल्या भागात नेहमी मिळते तसे ५२ ग्रॅमचे. कवच गेल्यावर ४६ ग्रॅम उरले. त्यात सुमारे ३० ग्रॅम पांढरे आणि १६ ग्रॅम पिवळे. पांढऱ्यात प्रथिने ३.३ ग्रॅम आणि उष्मांक १६. पिवळ्यात प्रथिने २.५ ग्रॅम आणि उष्मांक ५२. दोन्ही मिळून प्रथिने ५.८ ग्रॅम, उष्मांक ६८.

या चार ओळींत बरेच काही आहे. पिवळे टाकले की अंड्यातले तीन चतुर्थांश उष्मांक जातात, हे खरेच. पण त्याबरोबर प्रथिनांचाही दर शंभरातला ४३ ग्रॅमचा वाटा जातो, हे कुणी सांगत नाही. वजनाला वजन लावले तर पिवळ्यातच प्रथिने जास्त असतात. १०० ग्रॅम पिवळ्यात सोळा ग्रॅम, तर १०० ग्रॅम पांढऱ्यात अकरा. कारण सोपे आहे. पांढऱ्यात जवळजवळ ८८ टक्के पाणी असते. पांढऱ्याची खरी थोरवी एवढीच, की त्यात चरबी जवळपास नाही, म्हणून दर उष्मांकामागे प्रथिने अधिक पडतात. ही थोरवी खरी आहे. पण ती टिकते तव्यावर तेल पडेपर्यंतच.

हे पडताळून पाहू. दोन पूर्ण अंड्यांत ११.६ ग्रॅम प्रथिने आणि १३६ उष्मांक. तेवढीच प्रथिने नुसत्या पांढऱ्यातून हवी असतील, तर साडेतीन अंड्यांचे पांढरे लागेल; त्याचे उष्मांक ५६. म्हणजे प्रथिने सारखी ठेवून पिवळे टाकल्याने वाचले ८० उष्मांक. आता तेलाकडे या. तेल कुठलेही असो, शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे, करडईचे किंवा सोयाबीनचे, एका ग्रॅमला नऊ उष्मांक. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल, साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्याचे ४० उष्मांक होतात. याचा अर्थ असा, की पांढऱ्याच्या आम्लेटाला दोन चमचे तेल जास्त पडले, तर जे वाचवले ते सगळे परत आले. शिवाय दीड अंडे जास्त फुटले ते वेगळेच.

कुणी म्हणेल, पांढऱ्याला तेल जास्त का पडावे? दोन्ही आम्लेटे सारख्याच तेलात करता येतील की! इथे स्वयंपाकघरातला अनुभव बोलतो. पिवळ्यात स्वतःची चरबी असते, आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा लेसिथिन नावाचा पदार्थही असतो. त्यामुळे पूर्ण अंड्याचे आम्लेट तव्यावरून सहज सुटते. पांढऱ्यात यातले काहीच नसते. नुसती प्रथिने आणि पाणी. तापलेल्या लोखंडाला ती प्रथिने लागली की घट्ट चिकटतात, कालथा घातला की आम्लेट फाटते आणि अर्धे तव्यालाच राहते. घरच्या बिडाच्या तव्यावर मी दोन्ही करून पाहिली. दोन पूर्ण अंड्यांचे आम्लेट एका चमचा तेलात नीट सुटले. तीन अंड्यांचे पांढरे तेवढ्याच तेलात चिकटले आणि तुकड्यांनी निघाले. नीट निघायला दोन चमच्यांहून थोडे अधिक तेल लागले. गाडीवाल्याला तर घाई असते, तवा भडकलेला असतो आणि गिऱ्हाइकाला अखंड आम्लेट हवे असते. तो बिचारा पळीभर तेल सोडतो, यात त्याची लबाडी नाही. पदार्थच तसा आहे. पण १५ मिलिलिटरची पळी म्हणजे सव्वाशेच्या आसपास उष्मांक. चार अंड्यांच्या पांढऱ्याचे उष्मांक मोजून ६४. म्हणजे गिऱ्हाईक मागतो पांढरे आणि खातो मुख्यतः तेल.

लोणी आणि तूप यांचाही हिशेब याच धाटणीचा. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी. ते तेलाच्याच पंगतीत बसते. लोण्यात थोडे पाणी असते, म्हणून दहा ग्रॅम लोण्याचे उष्मांक सत्तरच्या वर, तर दहा ग्रॅम तेलाचे ९०. पण लोणी कमी 'जड' असते म्हणून कुणी कमी घालत नाही, उलट वरून आणखी एक गोळा सोडतात. कांदा, मिरची, कोथिंबीर, टोमॅटो यांचे उष्मांक मात्र किरकोळ असतात. त्यांची चिंता करू नका.

आता एक घर पाहू. आमच्याकडे येणारे एक कुटुंब आहे. नाव सांगत नाही. मुलगा एकवीस वर्षांचा, वजन ६२ किलो. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात उभ्याने आठ तास काम करतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जातो. तिथे त्याला कुणीतरी सांगितले, की रोज सहा अंड्यांचे पांढरे खा, पिवळ्याला हात लावू नकोस. आई रोज सकाळी सहा अंडी फोडते आणि पिवळे मोरीत जाते. घरात त्याची सोळा वर्षांची बहीण आहे. तिच्या वाट्याला रविवारी एक अंडे येते, कारण "त्याला ताकद लागते." बहिणीला थकवा वाटतो म्हणून आई तिला घेऊन आली होती. बोलता बोलता ही अंड्यांची गोष्ट निघाली.

मी आईला विचारले, "वहिनी, आम्लेटाला तेल किती घालता?"

त्या म्हणाल्या, "थोडंच घालते डॉक्टर. चिकटू नये एवढंच."

हे 'थोडंच' म्हणजे किती, ते मोजण्याचा एक सोपा मार्ग मी त्यांना सांगितला. तो तुम्हालाही करता येईल. स्वयंपाकघरात वापरतात तो एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. तेलाची बाटली आधी काट्यावर ठेवून वजन लिहावे. नेहमीप्रमाणे, हात न आखडता, आम्लेट करावे. मग बाटलीचे पुन्हा वजन करावे. जेवढे कमी झाले तेवढे तेल तव्यावर गेले. तव्यावर शेवटी तेल उरले असेल, तर आधी वजन करून ठेवलेल्या कागदाच्या तुकड्याने ते टिपून घ्यावे आणि कागदाचे पुन्हा वजन करावे. तेवढे वजा करावे. गरम तवा काट्यावर ठेवू नये, काटा बिघडतो. असे तीन दिवस करून सरासरी काढावी, कारण पहिल्या दिवशी मोजतो आहोत म्हणून हात आपोआप आखडतो.

त्यांच्या घरी तीन दिवसांची सरासरी निघाली ती अशी: तव्यावर १६ ग्रॅम तेल, कागदावर आले एक ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅम तेल मुलाच्या पोटात. त्याचे उष्मांक १३५. सहा अंड्यांच्या पांढऱ्याचे उष्मांक ९६. बेरीज २३१. प्रथिने वीस ग्रॅमला थोडी कमी. 'चरबी नको' म्हणून केलेल्या त्या आम्लेटात निम्म्याहून अधिक उष्मांक तेलाचे होते. आणि मोरीत गेलेल्या सहा पिवळ्यांतून रोज १५ ग्रॅम प्रथिने वाहून जात होती.

पंधरा ग्रॅम म्हणजे किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे भावाच्या आम्लेटातून टाकून दिलेल्या पिवळ्यांत बहिणीच्या दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांश भाग होता. अंड्यातले ब-१२, अ आणि ड ही जीवनसत्त्वे मुख्यतः पिवळ्यातच असतात, हे त्यात धरलेलेच नाही.

आम्ही मग हिशेब पुन्हा मांडला. मुलाला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत, हे कायम ठेवले. दोन पूर्ण अंडी आणि तीन अंड्यांचे पांढरे एकत्र फेटले, तर प्रथिने होतात २१.५ ग्रॅम आणि उष्मांक १८४. पिवळे असल्यामुळे आम्लेट चिकटत नाही, म्हणून पाच ग्रॅम तेल पुरते, त्याचे ४५. एकूण २२९. म्हणजे आधीच्या इतकेच उष्मांक, प्रथिने थोडी जास्त आणि एक अंडे कमी. उरलेली तीन पिवळी मोरीत न टाकता बहिणीसाठी फोडलेल्या एका पूर्ण अंड्यात मिसळावीत आणि भुर्जी करावी. तिला एका बैठकीत तेरा ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. ही पिवळी त्याच वेळी वापरावीत, फोडून ठेवून देऊ नयेत. कच्चे अंडे उष्ण हवेत लवकर बिघडते. बहिणीच्या रक्ताची तपासणी अर्थात वेगळी केलीच. थकव्याला एकच कारण नसते आणि अंडे हे त्यावरचे औषध नव्हे. पण तिच्या ताटातली उणीव त्या मोरीत दिसत होती.

दुसरा पर्यायही होता. तीन पूर्ण अंडी आणि एका अंड्याचे पांढरे, पाच ग्रॅम तेलात. प्रथिने २०.७ ग्रॅम, उष्मांक २६५. आधीपेक्षा ३४ उष्मांक जास्त, पण सहाऐवजी चारच अंडी. उभ्याने आठ तास राबणाऱ्या एकवीस वर्षांच्या निरोगी मुलाला ३४ उष्मांकांचे भय बाळगण्याचे काही कारण नाही. महिन्याला साठ अंडी वाचतात. आईने हाच पर्याय घेतला आणि वाचलेली अंडी मुलीच्या ताटात गेली.

मुलाची समजूत काढणे मात्र सोपे नव्हते. तो म्हणाला, "डॉक्टर, पिवळ्यानं मसल होत नाही."

त्याला मी एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात व्यायाम करणाऱ्या दहा तरुणांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. व्यायामानंतर एकदा त्यांना तीन पूर्ण अंडी दिली आणि दुसऱ्या वेळी तेवढीच, म्हणजे १८ ग्रॅम प्रथिने नुसत्या पांढऱ्यातून दिली. पुढच्या काही तासांत स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधण्याचे काम पूर्ण अंडी खाल्ली तेव्हा अधिक झाले. हा प्रयोग लहान आहे आणि एकाच जेवणापुरता आहे. त्यावरून पिवळे खाल्ले की दंड फुगतात, असे कुणी समजू नये. पण पिवळे खाल्ल्याने व्यायाम फुकट जातो या समजुतीला त्यात मुळीच आधार मिळत नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

व्यायामशाळेत आणखी एक खूळ आहे, कच्चे पांढरे पेल्यात घेऊन पिण्याचे. तेल नको म्हणून हा मार्ग काढलेला दिसतो. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका तपासणीत शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने शंभरातली नव्वदपर्यंत पचलेली आढळली, तर कच्च्या अंड्यातली निम्मीच. म्हणजे कच्चे पिणारा सहा अंड्यांचे पैसे देतो आणि तीनांचा लाभ घेतो. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्ग होऊन जुलाब-उलट्या लागण्याचा धोका वेगळाच. तेल नकोच असेल तर अंडी उकडा. उकडलेल्या अंड्याला तेलाचा हिशेबच लागत नाही.

इतके लिहिल्यावर पांढऱ्याच्या आम्लेटाची बाजूही मांडायला हवी. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांचा प्रश्न केवळ उष्मांकांचा नसतो. आपल्या ५२ ग्रॅमच्या अंड्यातल्या पिवळ्यात सुमारे १७५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि पांढऱ्यात अजिबात नसते. निरोगी माणसाने रोज एक पूर्ण अंडे खाण्याला आज बहुतेक तज्ज्ञ हरकत घेत नाहीत. परंतु ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी पिवळे कमी करायला सांगितले आहे, त्यांनी या लेखाचा आधार घेऊन ते सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे तर आणखी वेगळे. पिवळ्यात फॉस्फरस जास्त असतो, म्हणून त्यांना पांढरेच सुचवले जाते आणि प्रथिने किती घ्यायची तेही ठरवून दिलेले असते.

पण या मंडळींच्या घरीही तेलाकडे डोळेझाक होते. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली आहे. ते तीन अंड्यांचे पांढरे खातात, अगदी व्रतस्थपणे. उष्मांक ४८, प्रथिने दहा ग्रॅम. पण ते पांढरे बिडाच्या तव्यावर तीन चमचे तेलात होत होते. तेलाचे उष्मांक १२०. त्यांचे वजन का उतरत नाही, हे कोडे घरच्यांना पडले होते. त्यांना मी पिवळे खा असे सांगितले नाही. तवा बदला, असे सांगितले.

तवा बदलणे म्हणजे काय, तेही नीट सांगतो, कारण निर्लेप तव्यावरही लोक सवयीने तितकेच तेल ओततात. निर्लेप तवा मंद आचेवर ठेवावा. रिकामा भडकू देऊ नये, त्याने त्याचा थर खराब होतो. अर्धा चमचा तेल घालून ते कापसाच्या बोळ्याने किंवा अर्ध्या कांद्याने सगळीकडे फिरवावे. पांढऱ्यात चमचाभर पाणी किंवा दूध घालून फेटावे, तव्यावर ओतावे आणि झाकण ठेवावे. झाकणाच्या वाफेने वरची बाजू शिजते, उलटण्याची गरज राहत नाही आणि म्हणून फाटतही नाही. अशा आम्लेटात तेलाचे २० उष्मांक होतात. त्या गृहस्थांचे आम्लेट १६८ वरून ६८ उष्मांकांवर आले. अंडे तेच, माणूस तोच.

लोखंडी किंवा बिडाचा तवाच वापरायचा असेल, तर तो आधी चांगला तापवावा, मग आच कमी करावी आणि त्यानंतर तेल घालून लगेच अंडे ओतावे. थंड तव्यावर अंडे घातले की ते हमखास चिकटते, आणि चिकटले की हात पुन्हा बाटलीकडे जातो. तेल बाटलीतून थेट ओतू नये, चमच्याने घालावे. तोही कुठला चमचा ते ठरवून ठेवावा, कारण घरातले चमचे तीन मिलिलिटरपासून दहापर्यंत कसलेही असतात. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने एकदा मोजून घ्यावा, म्हणजे झाले. तेल जास्त झाल्याची खूण सोपी आहे. आम्लेट ताटलीत काढून दोन मिनिटांनी उचलावे. खाली ताटली चकचकीत दिसली आणि बोटाला तेल लागले, तर मापापेक्षा जास्त झाले असे समजावे.

गाडीवर खाणाऱ्यांनी काय करावे? गाडीवाल्याला "तेल कमी" म्हणून सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, त्याचे 'कमी' आणि आपले 'कमी' निराळे असते. त्यापेक्षा उकडलेली अंडी मागावीत; बहुतेक गाड्यांवर ती असतात. दोन उकडलेल्या अंड्यांत ११.६ ग्रॅम प्रथिने आणि १३६ उष्मांक, तेल शून्य. पळीभर तेलातल्या चार पांढऱ्यांच्या आम्लेटात प्रथिने तेरा ग्रॅम आणि उष्मांक १८५ च्या पुढे. पिवळ्यासकट उकडलेली दोन अंडी त्या 'आरोग्याच्या' आम्लेटापेक्षा हलकी ठरतात आणि निम्म्या अंड्यांत काम होते.

तेव्हा माझे सांगणे इतकेच, की क्रम बदला. आधी तेल मोजा, मग अंड्याचे वजन पाहा आणि सर्वांत शेवटी पिवळ्याचा विचार करा. तेल एका चमच्यावर आणल्यानंतरही वजन उतरवण्यासाठी उष्मांक कमी करायचे असतील, तर एक-दोन पिवळी कमी करायला काहीच हरकत नाही. तेव्हा तो हिशेब खरोखर फायद्यात येतो. आणि पिवळे कमी केलेच, तर ते घरातल्या ज्या माणसाच्या ताटात अंडे कमी पडते, त्याच्या वाटीत घाला. या रविवारी तेलाच्या बाटलीचे वजन तेवढे करून पाहा.